सकाळी ८:३० ला बटण, रात्री ८ ला जेवण: मल्टी-कुकरचा आठवड्याचा प्लॅन

आमच्या घरी दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठला बाहेर आणि संध्याकाळी सव्वासातला घरी. त्यामुळे रात्रीच्या जेवणाची सुरुवात सकाळीच करावी लागते. इलेक्ट्रिक मल्टी-कुकरवर त्यासाठी दोन सोयी असतात: डिले स्टार्ट आणि कीप वॉर्म. आमचा प्लॅन एकाच प्रश्नावर उभा आहे: कोणता पदार्थ कोणत्या बटणावर दिवसभर सुरक्षित राहतो?

दोन बटणांतला फरक

डिले स्टार्टमध्ये पदार्थ दिवसभर कच्चाच, खोलीच्या तापमानाला पडून असतो. कीप वॉर्ममध्ये तो आधी शिजतो आणि मग गरम राहतो. अन्नात जंतू वेगाने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. कीप वॉर्मने पदार्थ ६० च्या वर राहिला तर चिंता नाही. डिले स्टार्टमध्ये मात्र तो तासन्तास याच धोक्याच्या पट्ट्यात असतो. म्हणून चिकन, मासे, अंडी, दूध, दही किंवा चिरलेल्या भाज्या डिलेवर कधीच लावायच्या नाहीत. "शेवटी शिजणारच आहे ना?" हा युक्तिवाद इथे चालत नाही. शिजवल्यावर जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उष्णतेने जात नाही.

डिलेवर चालतं ते कोरडं कडधान्य किंवा डाळ आणि पाणी. वाट बघण्याचा वेळ हाच भिजण्याचा वेळ होतो.

सोमवारचे छोले: पूर्ण हिशोब

एक वाटी कोरडे छोले, चार वाट्या पाणी, मीठ आणि चमचाभर तेल. तेलामुळे फेस कमी येतो. कडधान्य फुगतं, त्यामुळे सगळं मिळून भांडं अर्ध्याच्या वर भरू नका.

आता वेळ उलटी मोजू. झाकण ७:३० ला उघडायचंय. प्रेशर धरायला १०-१५ मिनिटं, शिजायला २५ आणि वाफ आपोआप जिरायला २० मिनिटं, म्हणजे साधारण एक तास. कुकर ६:३० ला सुरू व्हायला हवा, म्हणून सकाळी ८:३० ला डिले १० तास. शिट्ट्यांचा हिशोब इथे लागू होत नाही. बहुतेक इलेक्ट्रिक कुकरचं प्रेशर गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी असतं, म्हणून वेळ जास्त लागतो.

एक गोष्ट मॅन्युअलमध्ये नक्की बघा: काही मॉडेलमध्ये डिले म्हणजे "इतक्या तासांनी सुरू कर", तर काहींमध्ये "इतक्या तासांनी तयार ठेव". निघताना व्हॉल्व्ह सीलिंगवर आहे का तेही बघा. तो उघडा राहिला तर प्रेशर धरत नाही आणि तळ करपतो.

टोमॅटो, चिंच, आमचूर सकाळी घालू नका. आंबटामुळे छोले कडक राहतात. आल्यावर कांदा-टोमॅटोचा मसाला परतून त्यात छोले घाला. आठला पानं मांडता येतात.

बाकीचा आठवडा

- मंगळवार, वरण-भात: तूरडाळ, पाणी, हळद, तेल डिलेवर. इतकी भिजलेली डाळ ८-१० मिनिटांत शिजते. दिवसभर भिजलेल्या तांदळाचा गिचका होतो, म्हणून भात संध्याकाळी लावा.
- बुधवार, राजमा: रात्री भिजवा. सकाळी ते पाणी फेकून ताज्या पाण्यात प्रेशरवर शिजवा आणि कीप वॉर्मवर ठेवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा घटक असतो. स्लो कुकच्या कमी उष्णतेत तो नष्ट होईलच असं नाही, म्हणून राजम्यासाठी स्लो कुक नको.
- गुरुवार, मुगाची खिचडी: डाळ-तांदूळ डिलेवर. मऊ झाली तरी बिघडत नाही. फोडणी वरून.
- शुक्रवार, चिकन: सकाळी फक्त मसाला लावून फ्रिजमध्ये. आल्यावर कुकरला, सगळं मिळून पाऊण तास.

उन्हाळा आणि लाइट

एप्रिल-मेमध्ये दहा तासांत पाणी आंबायला लागतं. तेव्हा अर्ध्या पाण्याऐवजी बर्फ घाला, किंवा कडधान्य रात्री फ्रिजमध्ये भिजवून सकाळीच शिजवा. खिचडी उन्हाळ्यात डिलेवर नको, संध्याकाळीच लावा. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला किंवा पाणी चिकट, तार धरणारं दिसलं, तर चव न बघता टाकून द्या.

लाइट गेली की बऱ्याच मॉडेलमध्ये डिले पुसला जातो. घरी आल्यावर स्क्रीनवर `OFF` आणि आत कच्चे छोले. वास ठीक असेल तर पाणी बदलून लगेच प्रेशर लावा. पण कीप वॉर्मवरचा राजमा कोमट लागला आणि लाइट कधी गेली ते माहीत नसेल, तर तो खाऊ नका. त्या दिवसासाठी आम्ही घरात पोहे ठेवतो.