वॉरफरिन, आयएनआर आणि आठवड्याचा डोस

प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणजे रक्ताचा द्रवभाग चाचणीत गोठायला लागणारे सेकंद. हा आकडा लॅबच्या रसायनानुसार बदलतो, म्हणून त्यावरून आयएनआर काढतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणाऱ्या वडिलांचा आयएनआर साधारण २ ते ३ हवा.

समजा, रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ३५ घेऊनही तो १.६ आला. आधी गोळ्या चुकल्या का, पालेभाजी अचानक वाढली का, हे विचारावे. तसे नसेल तर डॉक्टर आठवड्यातून एक दिवस साडेसात देतात, एकूण ३७.५ होतात. शरीरातले जुने गोठणघटक संपायला काही दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशीची तपासणी फसवी ठरते. ती आठवड्या-दोन आठवड्यांनी करतात. मात्र काळी शौच किंवा डोक्याला मार लागल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे.