वेढ्यातले कार्य: दाब-आकारमान आलेख कसा वाचावा

दाब-आकारमान आलेखात आडव्या अक्षावर वायूचे आकारमान असते आणि उभ्या अक्षावर त्याचा दाब. दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यातला वायू प्रसरण पावतो तेव्हा तो दट्ट्याला बाहेर ढकलतो, म्हणजेच कार्य करतो, आणि आलेखावरचा बिंदू उजवीकडे सरकतो. त्या वाटेपासून खाली आकारमानाच्या अक्षापर्यंत जेवढे क्षेत्रफळ, तेवढे ते कार्य. जेम्स वॉट यांचे सहायक जॉन सदर्न यांनी १७९६ च्या सुमारास चालत्या वाफेच्या इंजिनाकडूनच असा आलेख काढून घेतला होता. परीक्षेत हमखास येणारी ही आकृती मुळात कारखान्यातले मोजमाप आहे.

चक्रीय प्रक्रियेत वायू फिरून पहिल्या स्थितीला येतो आणि आलेखावर बंद वेढा तयार होतो. जाताना वायूने केलेले कार्य धन, परत येताना आकुंचनात वायूवर झालेले कार्य ऋण. दोन्हींची बेरीज केली की वेढ्याच्या आतले क्षेत्रफळ तेवढे उरते.

एक उदाहरण घेऊ. आदर्श वायू ‘अ’ या स्थितीत आहे: आकारमान २ लिटर, दाब ३०० किलोपास्कल. तिथून तो सरळ रेषेने ‘ब’ पर्यंत जातो: ६ लिटर, १०० किलोपास्कल. मग दाब तसाच ठेवून तो २ लिटरपर्यंत आकुंचन पावतो; हा बिंदू ‘क’. शेवटी आकारमान न बदलता दाब वाढवून तो ‘अ’ ला परततो. आकृती काटकोन त्रिकोणाची आहे. पाया ४ लिटर, उंची २०० किलोपास्कल, म्हणून क्षेत्रफळ ४०० लिटर-किलोपास्कल. एक लिटर गुणिले एक किलोपास्कल म्हणजे बरोबर एक जूल, त्यामुळे चक्राचे कार्य ४०० जूल. दाब वातावरणात दिला असेल तर मात्र एक लिटर-वातावरण म्हणजे सुमारे १०१.३ जूल, हे विसरून चालत नाही.

हेच उत्तर टप्प्याटप्प्याने पडताळता येते. ‘अ’ ते ‘ब’ या रेषेखाली समलंब चौकोन आहे. सरासरी दाब २०० किलोपास्कल, आकारमानातला बदल ४ लिटर, म्हणून कार्य ८०० जूल. ‘ब’ ते ‘क’ मध्ये उणे ४०० जूल. ‘क’ ते ‘अ’ मध्ये दट्ट्या हललाच नाही, म्हणून शून्य. बेरीज ४०० जूल.

या प्रश्नातला खरा सापळा ‘अ’ ते ‘ब’ या रेषेत आहे. दोन्ही टोकांना दाब आणि आकारमान यांचा गुणाकार ६०० येतो, म्हणजे तापमान सारखेच. तेवढ्यावरून ही प्रक्रिया समतापी धरून लॉगॅरिथमचे सूत्र वापरण्याचा मोह होतो. पण मधल्या बिंदूवर, ४ लिटर आणि २०० किलोपास्कलला, गुणाकार ८०० होतो. म्हणजे वाटेत वायू आधी तापला आणि मग निवला. खरी समतापी वाट या रेषेच्या खालून वळत जाते आणि त्या वाटेने प्रसरणाचे कार्य सुमारे ६५९ जूलच भरते. तसे धरल्यास चक्राचे उत्तर ४०० ऐवजी २५९ जूल येईल. टोके तीच असली तरी कार्य वाटेवर ठरते, म्हणून सूत्राला हात घालण्याआधी आलेखातल्या रेषेचा आकार पाहावा.

चिन्ह बाणांवरून ठरते. वेढा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर वायू एकूण कार्य करतो, म्हणजे ते इंजिन. उलट दिशेने फिरत असेल तर वायूवर कार्य होते, जसे शीतकपाटात. मात्र प्रश्न काढणारे कधीकधी अक्षांची अदलाबदल करतात. दाब आडवा आणि आकारमान उभे असेल तर हा नियम उलटतो. प्रसरण कुठल्या वाटेवर आहे आणि तिथला दाब परतीच्या वाटेपेक्षा जास्त आहे का, एवढे पाहिले की अशी फसगत टळते. इंग्रजी 8 सारख्या दुहेरी वेढ्यात दोन फासे विरुद्ध दिशांनी फिरतात, म्हणून त्यांची क्षेत्रफळे वजा करावी लागतात.

वेढा वर्तुळासारखा दिसत असला तरी त्रिज्येचा वर्ग घेता येत नाही, कारण दोन अक्षांची एकके वेगळी आहेत. दाबाची अर्धी व्याप्ती, आकारमानाची अर्धी व्याप्ती आणि पाय यांचा गुणाकार करावा.

पूर्ण चक्रात अंतर्गत ऊर्जेतला बदल शून्य असतो, म्हणून वरच्या उदाहरणात निव्वळ उष्णताही ४०० जूलच आहे. पण ती घेतलेल्या आणि सोडलेल्या उष्णतेतली वजाबाकी आहे. कार्यक्षमता विचारली असेल तर भागाकार फक्त घेतलेल्या उष्णतेने करायचा. आणि एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्रात वायूने केलेले कार्य धन, तर रसायनशास्त्रात वायूवर झालेले कार्य धन मानतात. त्यामुळे हेच चक्र रसायनशास्त्राच्या पेपरात आले तर उत्तर उणे ४०० जूल लिहावे.