सातबाऱ्याचा प्रश्न रोमन लिपीत आला तर

`satbara var varas nav kase lavayche` असा प्रश्न कुणी मोबाइलवर टाइप करतं. उत्तर असतं ते सरकारी मराठीत: वारसाहक्काने जमीन मिळाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, मग फेरफार नोंदवहीत नोंद होते. शब्दाला शब्द जुळवणारा शोध इथे हात टेकतो. एम्बेडिंग मॉडेल मजकुराच्या अर्थाचे शेकडो आकडे करतं आणि ज्यांचे आकडे जवळचे, ते परिच्छेद वर आणतं. पण कोणतं मॉडेल घ्यायचं?

जागतिक क्रमवारीवर विसंबू नये, आपलेच प्रश्न घ्यावेत. समजा, महसुली माहितीचे काही शे परिच्छेद आहेत. लोकांनी खरोखर विचारलेले ५० प्रश्न गोळा करा: २० देवनागरीत, १५ रोमन लिपीतले, १५ ‘mutation entry reject झाली, अपील कुठे?’ अशा सरमिसळीचे. शुद्धलेखन सुधारू नका. प्रत्येक प्रश्नाचा योग्य परिच्छेद माणसाने आधीच ठरवून ठेवावा. मृत्युपत्राने नाव लावणे, बोजा कमी करणे असे फसवे शेजारीही संग्रहात हवेत. ते नसतील तर कोणतंही मॉडेल हुशार दिसतं.

मग पहिल्या पाचांत योग्य परिच्छेद किती वेळा आला ते मोजा. समजा, दोन मॉडेलांना ५० पैकी ३४ असे सारखेच गुण मिळाले. गटवार पाहिलं तर पहिल्याचे देवनागरीत १९, रोमनमध्ये ४, सरमिसळीत ११. दुसऱ्याचे १५, ९ आणि १०. बेरीज सारखी, पण मोबाइलवरून रोमनमध्ये विचारणाऱ्यांना पहिलं मॉडेल जवळपास निरुपयोगी. माझ्या मते गटवार तक्ता पाहिल्याशिवाय निवड करूच नये. मात्र १५ प्रश्नांत एखाद-दुसऱ्याचा फरक योगायोगही असतो. तेवढ्यावर निकाल देऊ नये.

मॉडेल नापास करण्यापूर्वी ते नीट चालवलं का, हे तपासा. `multilingual-e5` ला प्रश्नाआधी `query: ` आणि परिच्छेदाआधी `passage: ` लिहून द्यावं लागतं. ते विसरलं तर शोध बिघडतो आणि चूक कुठे दिसत नाही. या मॉडेलचे साम्यगुण बहुधा ०.७ च्या वरच असतात, म्हणून ०.८ आले की उत्तर सापडलं असं धरू नका, क्रम पाहा. शिवाय ते ५१२ टोकनांपलीकडचा मजकूर वाचत नाही. लांब परिच्छेदाच्या शेवटी असलेली मुदत मग त्याच्या नजरेतच येत नाही. `bge-m3` ची मर्यादा ८१९२ आहे, पण परिच्छेद लहान पाडणं हाही उपाय आहेच.

वरच्या उदाहरणात मी पहिलं मॉडेल लगेच टाकून देणार नाही. रोमन प्रश्न आधी देवनागरीत उतरवून पुन्हा मोजेन. ४ चे १० झाले, तर देवनागरीतली त्याची सरशीही हाती राहते. फक्त ही फेरी वेगळे राखून ठेवलेल्या नव्या रोमन प्रश्नांवरही घ्यायची, कारण जुन्या प्रश्नांकडे पाहूनच आपण लिप्यंतर जुळवलेलं असतं.