डॅशकॅमच्या चित्रावरचा डॅशबोर्डचा पडदा

डॅशकॅमच्या चित्रात रस्त्यावर धुरकट पडदा दिसतो, एसीच्या जाळ्या आणि डॅशबोर्डवर ठेवलेली पावती आकाशात तरंगताना दिसते. डॅशबोर्डवर पडलेलं ऊन उसळून पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर आपटतं आणि तिथून परावर्तित होऊन थेट लेन्समध्ये शिरतं. त्यामुळे हे घडतं.

काचेवरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावतो, म्हणजेच तो ध्रुवीकृत होतो. काचेला काढलेल्या लंबाशी सुमारे 56 अंशांचा कोन असेल, तर हे ध्रुवीकरण जवळपास पूर्ण असतं. या कोनाला ब्रूस्टर कोन म्हणतात. बहुतेक कारची पुढची काच बरीच कललेली असते आणि कॅमेऱ्याच्या नजरेचा तिच्याशी होणारा कोन याच्या आसपास येतो. परावर्तित प्रकाशाची कंपनं इथे आडवी असतात, म्हणून उभी कंपनंच आत सोडणारा सीपीएल फिल्टर तो अडवतो. बस-ट्रकची उभी काच या कोनापासून दूर असल्याने तिथे फरक कमी पडतो. रुंद कोनाच्या लेन्समध्ये चित्राच्या कडांनाही परिणाम उतरता असतो.

फिल्टर लावून तसाच सोडला तर उपयोग नाही, तो फिरवून जुळवावा लागतो. भर उन्हात गाडी उभी करून डॅशबोर्डवर पांढरा कागद ठेवावा आणि मोबाइलवर कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहत फिल्टर सावकाश फिरवावा. कागदाचं प्रतिबिंब सर्वांत फिकं होईल, तिथे थांबावं. फिल्टर निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, त्यामुळे रात्री चालत्या गाडीची नंबरप्लेट अधिक पुसट येते. अंधारात तो काढलेला बरा.

उरलेला पडदा रंगदुरुस्तीने कमी होतो. समजा, डॅशबोर्ड बदामी आहे. पुढच्या गाडीखालची सावली खरं तर काळी, पण चित्रात तिचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 255 पैकी 46, 41 आणि 33 येतात. काळ्यावर चढलेली ही पिवळट झाक डॅशबोर्डची आहे. तिन्ही रंगांची काळी पातळी वेगवेगळी वर घेतली की सावली पुन्हा काळी होते:

```
ffmpeg -i mool.mp4 -vf "colorlevels=rimin=0.14:gimin=0.12:bimin=0.09" -c:a copy prat.mp4
```

लाल रंगातून 255 च्या 0.14 पट, म्हणजे सुमारे 36 वजा होतात. हिरव्यातून 31 आणि निळ्यातून 23 जातात. तिन्हींत साधारण 10 उरतात आणि झाक निघून जाते. आकडे याहून वाढवले, तर झाडाखालच्या सावलीतला तपशील काळ्यात बुडतो.

सारखा पसरलेला पडदाच या रीतीने जातो, पावतीची ठळक आकृती जात नाही. तिने पांढरा करून टाकलेला भागही परत मिळत नाही. त्यासाठी पावती उचलावी आणि डॅशबोर्डवर काळं, चमक नसलेलं कापड अंथरावं. अपघाताचा पुरावा म्हणून चित्रण द्यायचं असेल, तर दुरुस्ती प्रतीवरच करावी आणि मूळ फाइल जशीच्या तशी जपावी.