अंगठा उमटण्याआधी: शॉकच्या उपचाराचं संमतीपत्र कसं असावं

मनोविकाराच्या वॉर्डात शॉकचा उपचार ठरला की नातेवाइकांपुढे एक कागद येतो. ‘उपचारपद्धतीचे संभाव्य लाभ व धोके यांची पूर्ण कल्पना देण्यात आली असून’ अशा धाटणीच्या वाक्यांनी तो भरलेला असतो. घरातला शिकलेला मुलगा तो वरवर वाचतो, सही करतो आणि आईचा अंगठा उमटवून घेतो. कागद पूर्ण होतो, पण आपल्यावर काय होणार आहे हे आईला कळलेलं नसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार अशी संमती अपुरी आहे. उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा रीतीने सांगितल्यावर, कोणतीही जबरदस्ती न करता मिळालेली संमतीच या कायद्याला मान्य आहे.

मग कमी शिकलेल्या रुग्णासाठी हा कागद कसा लिहायचा? समजा, कमलबाई नावाच्या पन्नाशीच्या एक शेतकरी बाई आहेत. त्यांना अक्षरओळख जेमतेम आहे. तीव्र नैराश्यामुळे त्यांनी जेवण जवळजवळ सोडलंय आणि ‘जगून काय करू’ असं त्या म्हणतात. दोन वेगवेगळी औषधं पुरेसे आठवडे देऊनही फरक पडलेला नाही. त्यांच्यासाठीचा कागद असा सुरू व्हावा: ‘तुम्हाला मनाचा मोठा आजार झाला आहे. तुम्ही जेवत नाही. मरणाचे विचार येतात. गोळ्यांनी आराम पडला नाही. म्हणून डॉक्टर शॉकचा उपचार सुचवत आहेत.’ एका वाक्यात एकच गोष्ट असावी आणि ती त्यांच्या स्वतःच्या त्रासाबद्दल असावी.

त्यानंतर काय काय होणार ते घडेल त्याच क्रमाने यावं, कारण लोकांच्या मनात सिनेमातलं दृश्य असतं: बांधलेला, जागा, किंचाळणारा माणूस. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर कायद्याने बंदी आहे. म्हणून कागदात लिहावं: ‘हाताच्या शिरेत सुई लावतील. भुलीचं औषध देतील. तुम्हाला झोप लागेल. अंग सैल करणारं औषध देतील. डोक्याला काही सेकंद वीज लावतील. त्याने मेंदूत फिट येते. ती साधारण अर्धा ते एक मिनिट राहते. तुम्ही झोपेत असाल, तुम्हाला ते कळणार नाही. थोड्या वेळाने जाग येईल. असं आठवड्यातून दोन-तीन वेळा करतात. बहुतेकांना एकूण सहा ते बारा वेळा लागतं.’

याच भागात उपाशी राहण्याची सूचना कारणासकट यायला हवी. नुसतं ‘उपाशीपोटी यावे’ लिहिलं, तर घरची माणसं पहाटे चहा देतात, कारण चहाला कुणी खाणं मानत नाही. पण दुधाचा चहा पोटात असेल तर भुलीत तो उलटून फुप्फुसात जाऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून लिहावं: ‘आधी सहा तास काही खायचं नाही. दुधाचा चहासुद्धा नाही. पाणी कधीपर्यंत चालेल ते नर्सना विचारा. चुकून काही खाल्लं-प्यालं तर लपवू नका, त्या दिवशीचा उपचार पुढे ढकलता येतो.’ कवळी काढून ठेवायची आणि हलणारा दात असेल तर सांगायचा, हेही इथेच यावं.

त्रासाचा भाग लिहिताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. डोकं दुखणं, अंग दुखणं, मळमळ आणि जाग आल्यावर थोडा वेळ गोंधळल्यासारखं होणं हे पुष्कळांना होतं आणि जातंही. जिवाला धोका फार क्वचित असतो: एक लाख वेळा शॉक दिला तर सुमारे दोन मृत्यू. हा धोका मुख्यतः भूल आणि हृदयाशी जोडलेला असतो, म्हणून हृदयाचा आजार आणि चालू गोळ्या आधीच सांगायला हव्यात. पण रुग्णांच्या मनाला सर्वांत लागणारी गोष्ट असते ती विसराळूपणाची. ‘तात्पुरता स्मृतिभ्रंश’ एवढ्याने ती झाकू नये. सरळ लिहावं: ‘उपचाराच्या आधीच्या काही आठवड्यांतल्या किंवा महिन्यांतल्या, आणि उपचार चालू असतानाच्या काही गोष्टी आठवणार नाहीत. बऱ्याच पुढे आठवतात. काही कायमच्या जाऊ शकतात.’ मागच्या महिन्यात झालेलं भाचीचं लग्न कमलबाईंना आठवलं नाही, तर घरच्यांनी चिडू नये, यासाठी हे त्यांनाही आधीच माहीत हवं. उपचार चालू असताना जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊ नये, ही ओळही कागदात हवी.

फायदा सांगतानाही मर्यादा सांगावी. तीव्र नैराश्यात हा उपचार पुष्कळांना लागू पडतो आणि गोळ्यांपेक्षा लवकर गुण दिसतो. पण सगळ्यांना गुण येत नाही. शॉक संपल्यावर गोळ्या किंवा पुढचे उपचार बंद केले, तर बऱ्याच जणांचा आजार काही महिन्यांत उलटतो. शॉक नको असेल तर दुसरी औषधं आणि समुपदेशन हे मार्ग आहेत, फक्त त्यांना वेळ जास्त लागू शकतो, हेही लिहावं.

कागद वाचून दाखवला की ‘कळलं का?’ असं विचारू नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी नर्सने विचारावं, “मावशी, उद्या सकाळी काय करायचं नाही?” कमलबाई हळूच म्हणतात, “चहा प्यायचा नाही.” “शॉक किती वेळा देणार?” “एकदाच ना?” इथे कळतं की तो भाग पोचलेलाच नाही, आणि तो पुन्हा सांगावा लागतो. मग त्या विचारतात, “मी नको म्हटलं तर घरी पाठवाल?” हा प्रश्न मनात ठेवून दिलेला होकार हा भीतीचा होकार असतो. म्हणून कागदात ठळक हवं: ‘तुम्ही नाही म्हणू शकता. आज हो म्हणून उद्या नाही म्हणू शकता. तरी तुमचे बाकीचे उपचार चालूच राहतील.’ त्या आज थकल्या असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं. मगच अंगठा घ्यावा, आणि शेजारी उपचार करणाऱ्यांपैकी नसलेल्या साक्षीदाराची सही असावी. एक प्रत घरच्यांकडे राहावी.

नवऱ्याची सही पुरते का? कमलबाईंना समजत असेल आणि त्या आपला निर्णय बोलून किंवा खुणेने सांगू शकत असतील, तर त्यांचाच होकार लागतो. त्यांचा निर्णय घरच्यांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्यांना समजत नाही असं ठरवायला कायदा मनाई करतो. त्या बोलतच नसतील, काहीच कळण्याच्या अवस्थेत नसतील, तर कायद्याने ठरलेल्या पद्धतीने भरती केल्यावर त्यांचा नामनिर्देशित प्रतिनिधी तात्पुरती संमती देऊ शकतो. ‘इमर्जन्सी आहे’ म्हणून संमतीशिवाय शॉक देता येत नाही, कारण तातडीच्या उपचारांतून कायद्याने तो वगळला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तो देण्यावर बंदी आहे. अगदी गरज पडलीच, तर पालकांच्या संमतीबरोबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी लागते.

प्रतिनिधीची संमती तात्पुरती असते, आणि घरच्यांच्या लक्षातून निसटतं ते हेच. अशा रुग्णाची समज सुधारली का, हे डॉक्टरांनी ठरावीक दिवसांनी तपासायचं असतं. तीन-चार शॉकनंतर कमलबाई जेवायला लागल्या, बोलायला लागल्या, तर नवऱ्याच्या सहीवर पुढचे शॉक चालू ठेवता येत नाहीत. तोच कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवायचा आणि पुढे जायचं की थांबायचं हे त्यांनाच विचारायचं. ते कुणी केलं नाही, तर घरच्यांनी स्वतः डॉक्टरांकडे मागावं.