ओल्या काचेतून काढलेला फोटो स्वच्छ होतो, पण त्यातला सारस खरा असतो का?

ऑगस्ट महिना. गोंदियाहून निघालेल्या रेल्वेच्या बंद काचेतून धानाच्या बांधीत उभे दोन सारस दिसतात. तुम्ही फोटो काढता. घरी येऊन बघता, तर एक पक्षी स्पष्ट आणि दुसऱ्याच्या जागी पावसाचा थेंब. आता ॲपने थेंब पुसता येतो. पण पुसल्यावर मागे जे दिसतं, ते येतं कुठून?

थेंब नेमकं काय करतो?

थेंब म्हणजे एक छोटं भिंग. समोरचं दृश्य तो उलटं आणि आक्रसून दाखवतो. फोकस दूरच्या बांधीवर असल्याने फोटोत त्याचा धूसर ठिपका उमटतो. धुळीचा डाग पातळ असेल, तर मागचा थोडा प्रकाश आरपार येतो. जाड थेंबाखाली मात्र त्या जागेची माहिती जवळपास उरत नाही.

एकाच फोटोवरून: अंदाज

2018 मध्ये संशोधकांनी यासाठी एका न्यूरल नेटवर्कला शिकवलं. दोन सारख्या काचा घेतल्या, एकीवर पाणी शिंपडलं, दुसरी कोरडी ठेवली आणि एकाच दृश्याचे जोडीने फोटो काढले. नेटवर्क आधी थेंब कुठे आहेत ते शोधतं, मग आजूबाजूचं पाहून ती जागा भरतं. थेंबाभोवती हिरवं धान असेल, तर आत धानच भरलं जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे दुसरा सारस गायब!

अनेक फोटोंवरून: पुरावा

गाडी चालू असताना फोन स्थिर धरून पटापट सात फोटो काढा. थेंब काचेवर तिथेच राहतो, बांधी मात्र मागे सरकते. त्यामुळे प्रत्येक फोटोत थेंब बांधीची वेगळी जागा झाकतो. मग सातही फोटो दृश्यानुसार एकमेकांवर जुळवायचे.

समजा, बांधीतल्या एका बिंदूची उजळता सात फोटोंत अशी आली: 118, 121, 119, 214, 120, 122, 117. यातला 214 थेंबाचा. सरासरी काढली तर 133 येते, म्हणजे थेंबाची छटा उरतेच. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला, तर 120 मिळतो. थेंब बाद, आणि हा आकडा कॅमेऱ्याने खरंच टिपलेला.

याचीही मर्यादा आहे. जवळचे खांब दूरच्या शेतापेक्षा वेगाने सरकतात, त्यामुळे ते नीट जुळत नाहीत. पक्षी चालू लागला, तर तोही थेंबासारखाच पुसला जाऊ शकतो.

ओळखायचं कसं?

मूळ फोटो शेजारी ठेवा. स्वच्छ फोटोतला पक्षी मूळ फोटोत थेंबाखाली येत असेल, तर तो मोजू नका. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया परिसरातच उरले आहेत आणि तेही मोजकेच. तिथे एका पक्ष्याची चूकही मोठी असते. नोंदीसाठी फोटो पाठवताना म्हणूनच न पुसलेला मूळ फोटोही सोबत द्या.