दहा लाखांचा हिशोब कोणाला विचारायचा?

लोकप्रशासनाच्या वर्गात स्थानिक स्वराज्य संस्थांवर ठरावीक प्रश्न येतो: 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती स्पष्ट करा. मुले अनुसूची अकरामधले 29 आणि बारामधले 18 विषय पाठ करून लिहितात. त्यापेक्षा प्रश्न असा असावा: गावाच्या खात्यात दहा लाख आले, तर त्यातले किती रुपये गावाच्या मर्जीने खर्च होतात?

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण अनुदान बंधित आणि अबंधित असे विभागले. दहा लाखांपैकी सहा लाख बंधित, म्हणजे तीन लाख पाण्यासाठी आणि तीन लाख स्वच्छतेसाठी. उरलेल्या चार लाखांतून गावाच्या गरजेची कामे करता येत, पण पगार आणि आस्थापना खर्च नाही. त्यामुळे ग्रामसभेत स्मशानभूमीच्या रस्त्याची मागणी आली, तर ती या चार लाखांतच बसवावी लागे, किंवा घरपट्टीतून. आणि वसुली थकली, तर बल्बसुद्धा घेता येत नाही.

मग कामे ठरवते कोण? महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांपैकी कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. खरी गळती इथे आहे. शंभर माणसे न जमलेल्या गावात दहा-बारा माणसांसमोर आराखडा मंजूर होऊ शकतो, तोही पूर्ण कायदेशीर. म्हणून विद्यार्थ्याने इतिवृत्त मागावे आणि हजेरीच्या सह्या मोजाव्यात. इतिवृत्तात ठराव एकमताने मंजूर दिसतो. किती जणांच्या एकमताने, ते सह्या सांगतात.

शहरात चित्र वेगळे. महापालिकेत महापौर दिसतो, पण प्रशासनाचा कारभार आयुक्तांच्या हाती असतो आणि त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. जकात गेली, 2017 मध्ये जीएसटी आला, आणि मोठ्या महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून झाल्या. मुंबई, पुण्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकच अंदाजपत्रक मंजूर करत राहिले. त्या काळात वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल निवडून आलेल्या कोणालाच जाब विचारता येत नव्हता. गावात ग्रामसभा तरी होती. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण ती भरलेली पाहिलेले नागरिक विरळाच.

परीक्षेसाठी मग एवढे पुरे: आपल्या वॉर्डाच्या किंवा गावाच्या एका कामाची अंदाजपत्रकातली रक्कम, प्रत्यक्ष देयक आणि ते मंजूर करणाऱ्याचे पद शोधा. कागद सहज मिळाले नाहीत, तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस मोजा. कायद्याने मुदत तीस आहे.